तोच मुखवटा, तीच रात्र!

गाजलेल्या चित्रपटाचा पुढचा भाग पाहून थिएटराबाहेर पडणारी मंडळी दोनच तक्रारी करतात. कुणी म्हणतो, "छे! सगळं तेच तेच!" तर त्याच्या शेजारचा म्हणतो, "पहिल्यात होतं ते यात काहीच नाही!" गंमत अशी की, या दोन्ही तक्रारी पुष्कळदा एकाच चित्रपटाविषयी, एकाच रात्री आणि एकाच घरातल्या माणसांकडून ऐकू येतात. निर्मात्याने करायचे तरी काय? जुने गिरवले तर नक्कल, सोडले तर दगलबाजी!

पण प्रेक्षक दिसतो तितका लहरी नसतो. गवई मैफलीत तीच चीज दहाव्यांदा गातो, त्यातल्या जागा श्रोत्यांना पाठ असतात आणि सम कुठे येणार हे ठाऊक असूनही, किंबहुना ठाऊक आहे म्हणूनच, ती आली की माना डोलतात. कथापटांतही अशा जागा असतात. पुढच्या भागाने त्या घ्याव्यात की नाही हा खरा प्रश्नच नव्हे. त्या घेताना काय बदलले, हा खरा प्रश्न. आणि तो नीट तपासायचा तर अमेरिकेतल्या स्लॅशर नावाच्या चित्रप्रकाराकडे वळावे. मुखवटा घातलेला एक खुनी, त्याच्या हातात सुरा, त्याच्या वाटेत येणारी तरुण मुले-मुली आणि शेवटी वाचणारी एकटी मुलगी, एवढेच ज्याचे भांडवल, असा हा प्रकार. भांडवल इतके थोडे असल्यामुळे पुनरावृत्ती लपवायला तिथे जागाच नसते. सगळा हिशेब उघडा!

यातली सर्वांत शिकवणारी मालिका 'हॅलोवीन'. १९७८ ते २०२२ या काळात या नावाचे तेरा चित्रपट निघाले. हॅलोवीन म्हणजे ३१ ऑक्टोबरची रात्र. त्या रात्री अमेरिकेत मुले भुताखेतांची सोंगे घेऊन घरोघर खाऊ मागत हिंडतात, आणि भोपळे कोरून त्यांना नाकडोळे करून आत दिवा ठेवतात. आपल्या आकाशकंदिलांच्याच दिवसांत त्यांचे हे भोपळे पेटतात. तेवढेच काय ते साम्य!

पहिल्या चित्रपटाचा दिग्दर्शक जॉन कार्पेंटर. त्याने आणि निर्माती डेब्रा हिल हिने मिळून कथा लिहिली. खर्च सुमारे तीन लाख डॉलर, म्हणजे हॉलिवूडच्या मानाने चणेफुटाणे. खुन्याचा मुखवटासुद्धा दुकानातून दोनेक डॉलरांत आणलेला. एका दूरदर्शन मालिकेतल्या अंतराळ-कप्तानाचा तो चेहरा. त्याच्या भुवया काढल्या, डोळ्यांची भोके मोठी केली आणि त्याला पांढरा रंग फासला, की झाला भेसूर! चित्रीकरण कॅलिफोर्नियात, तेही वसंत ऋतूत झाले. कथेत मात्र पानगळीचा महिना. तेव्हा रंगवलेली वाळकी पाने रस्त्यावर पसरायची, दृश्य घेतले की गोळा करायची आणि पुढच्या दृश्याला पुन्हा पसरायची!

कथा इलिनॉय राज्यातल्या हॅडनफील्ड नावाच्या काल्पनिक गावची. १९६३ सालच्या हॅलोवीनच्या रात्री कुणीतरी एका घराभोवती फिरते, आत शिरते, स्वयंपाकघरातला सुरा उचलते, जिना चढते आणि एका तरुणीला भोसकते. हे सारे आपण त्या 'कुणीतरी'च्याच डोळ्यांनी पाहतो. मग कॅमेरा प्रथमच त्याच्याकडे वळतो, आईबाप मुखवटा काढतात, आणि खाली चेहरा निघतो विदूषकाच्या सोंगातल्या सहा वर्षांच्या पोराचा! त्याचे नाव मायकेल मायर्स. मेली ती त्याची थोरली बहीण.

पंधरा वर्षांनी तो वेड्यांच्या इस्पितळातून पळून गावी परततो. त्याच्या मागावर डॉक्टर लूमिस. आणि गावात लॉरी स्ट्रोड नावाची शाळकरी मुलगी, शेजाऱ्यांची मुले सांभाळून चार पैसे मिळवणारी. लॉरीचे काम केले जेमी ली कर्टिस हिने. हिचकॉकच्या 'सायको'तल्या जॅनेट लीची ही मुलगी.

आता या चित्रपटातल्या तीन जागा वाचकांनी लक्षात ठेवाव्यात, म्हणजे पुढचे सारे सोपे होईल. पहिली जागा वर्गातली. बाई दैव या विषयावर शिकवीत असतात. लॉरी खिडकीबाहेर पाहते, तर रस्त्यापलीकडे एका मोटारीपाशी कुणीतरी उभे राहून तिच्याकडे टक लावून पाहत असते. बाई प्रश्न विचारतात, ती उत्तर देते आणि पुन्हा बाहेर पाहते. मोटार नाही, माणूसही नाही! दुसरी जागा कपाटाची. लॉरी फटींच्या दारांच्या कपाटात दडते आणि तो बाहेरून दार फोडू लागतो. तिसरी जागा सज्जाची. लूमिस मायकेलवर पिस्तूल झाडतो, तो सज्जावरून खाली हिरवळीवर पडतो. डॉक्टर कठड्याशी येऊन वाकून पाहतो, तर हिरवळ मोकळी! त्यानंतर पडद्यावर फक्त रिकाम्या खोल्या, रिकामा जिना, अंधारी घरे दिसतात आणि मुखवट्यातला श्वास ऐकू येतो. संपला चित्रपट.

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांना वाटेल, नुसते रक्ताचे पाट वाहत असतील. मुळीच नाही. रक्त जवळजवळ दिसतच नाही. सुरुवातीच्या त्या खुनानंतर पडद्यावर पुढचा खून व्हायला पाऊण तासाहून अधिक वेळ जातो. तोवर काय घडते? मुली शाळेतून घरी येतात, टेलिफोनवर बोलतात, आवडत्या मुलाच्या नावावरून एकमेकींना चिडवतात. आणि चौकटीच्या कोपऱ्यात, कुंपणाआड, वाळत घातलेल्या कपड्यांमध्ये तो उभा असतो. आपल्याला दिसतो, त्यांना दिसत नाही. भीतीची सारी मजुरी या पाऊण तासात झालेली असते. सुरा नंतर केवळ पावती फाडतो.

या चित्रपटाने अमेरिकेतच साडेचार कोटी डॉलरांच्या वर कमाई केली. एवढे पीक आल्यावर दुसरी पेरणी होणारच! 'हॅलोवीन २' १९८१ साली आला. कथा पुन्हा कार्पेंटर आणि हिल यांचीच, दिग्दर्शन मात्र रिक रोझेन्थाल या नव्या माणसाकडे. पुनरावृत्ती कुठे फसते हे पाहायला यासारखा नमुना नाही, कारण वरवर पाहता यात काहीच चुकलेले नाही. मंडळी तीच आणि रात्रही तीच. पहिला चित्रपट संपतो त्याच क्षणी दुसरा सुरू होतो. पहिल्याच्या नामावलीत अंधारात एक पेटता भोपळा हळूहळू जवळ येई. दुसऱ्याच्या नामावलीतही तोच भोपळा जवळ येतो, पण तो उकलतो आणि आतून कवटी निघते.

त्या कवटीतच दुसऱ्या चित्रपटाचे सगळे दुखणे आहे म्हणा ना! पहिल्या भोपळ्यात काय होते ते ठाऊक नव्हते, म्हणून तो भयंकर. आत कवटी आहे असे दाखवले की प्रेक्षक म्हणतो, "अस्सं, कवटी होय!" आणि निर्धास्त होतो.

पुढे खुनी मुखवट्याआडून पाहत गल्लीतून चालतो, एका म्हाताऱ्या जोडप्याच्या स्वयंपाकघरातून सुरा उचलतो, आणि हे पुन्हा त्याच्याच डोळ्यांनी दिसते. पहिल्या वेळी या युक्तीला एक काम होते. ज्याच्या डोळ्यांनी पाहतो आहोत तो लहान मुलगा आहे, हे तिने लपवून ठेवले होते. आता लपवायला काही उरलेच नाही. तो कोण, हे पोस्टमनलाही ठाऊक! जागा घेतली, पण ती जागा ज्यासाठी होती ते कारण मात्र मागे राहिले.

जखमी लॉरीला इस्पितळात नेतात आणि मायकेल मागोमाग येतो. हे इस्पितळ इतके ओस, की धर्मशाळेतसुद्धा याहून जास्त माणसे असतील. एक परिचारिका औषधी उपचाराच्या उकळत्या पाण्यात मारली जाते, दुसरीच्या अंगातले रक्त नळीवाटे जमिनीवर वाहून जाते, एकाला सुई टोचून संपवतात. मरणाऱ्यांची संख्या पहिल्याच्या दुपटीवर. पण ही माणसे कोण, हे आपल्याला कळलेलेच नसते. मुलींचे शाळेतून घरी येणे, ते चिडवणे, तो पाऊण तास सारा गळाला. नक्कल करणाऱ्याने जागेचा उत्तरार्ध तेवढा उचलला, पूर्वार्ध टाकून दिला. वार घेतला, वाट पाहणे सोडले. मध्यंतरी, १९८० साली, 'फ्रायडे द थर्टीन्थ' नावाच्या चित्रपटाने रक्त दाखवून पैसा ओढला होता. त्याच्या धाकाने खुद्द कार्पेंटरने रोझेन्थालच्या चित्रपटात रक्ताची आणखी दृश्ये स्वतः चित्रित करून घातली. ज्या माणसाने रक्तावाचून भीती घातली, त्यालाच नंतर रक्ताचा भरवसा वाटावा, हा धंद्याचा महिमा!

लॉरीचे काय झाले म्हणाल, तर नायिका निम्म्याहून अधिक चित्रपटात गुंगीच्या औषधाने बिछान्यावर पडून आहे. एक प्रसंग मात्र चांगला उतरला आहे, आणि तो का उतरला हे पाहण्यासारखे आहे. पहिल्या चित्रपटात लॉरी बंद दारावर धडका देते, किल्ली हरवलेली, आतला लहान मुलगा झोपाळू पावलांनी येतो आहे आणि रस्ता ओलांडून तो सावकाश चालत येतो आहे. दुसऱ्यात लॉरी इस्पितळाच्या आवारात जमिनीवर सरपटते आहे. डॉक्टर लूमिसची मोटार समोर येऊन थांबते, ती हाक मारू पाहते, पण औषधाने घशातून आवाजच निघत नाही. माणसे आत निघून जातात. जागा तीच, मदत हातभर अंतरावर. पण पहिल्यात मदत करणारा झोपेत होता, इथे मदत मागणारीचाच कंठ झोपला आहे. एवढ्या एका फरकाने प्रसंग जिवंत झाला.

आणखी एक गोष्ट या दुसऱ्या भागाने केली, आणि तिचे परिणाम मालिकेला कित्येक वर्षे भोगावे लागले. लॉरी ही मायकेलची धाकटी बहीण, लहानपणी दत्तक दिलेली, असा उलगडा त्यात केला. पहिल्या चित्रपटात असे काहीही नव्हते. वडिलांच्या सांगण्यावरून लॉरी मायर्सांच्या ओसाड घराच्या पायपुसण्याखाली किल्ली ठेवायला जाते, तेव्हा तो आत असतो आणि दारातून तिला पाहतो. बस्स, एवढेच! दुसरी कुणी गेली असती तर तिच्या मागे लागला असता. पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येई तो यामुळेच, की असले संकट कुणाच्याही दारी येऊ शकते. भाऊबहिणीचे नाते जोडले आणि गोष्ट एका घरची झाली. शेजाऱ्यांनी आता दार लावून खुशाल झोपावे!

तिसऱ्या भागाने १९८२ साली उलटा मार्ग धरला. मायकेल नाही, लॉरी नाही, हॅडनफील्ड नाही. दरवर्षी या नावाखाली निराळीच गोष्ट सांगायची अशी कल्पना. नामावलीत नाव 'हॅलोवीन' आणि आत जादूटोण्याचे मुखवटे विकणारा कारखानदार! लोक भडकले. आज त्या चित्रपटाचे चाहते आहेत, आणि एकटा पाहिला तर तो वाईटही नाही. पण कीर्तनाला म्हणून बसवावे आणि लावणी सुरू करावी, तसला तो प्रकार.

मग १९८८ साली चौथा भाग आला. दिग्दर्शक ड्वाइट लिटल. मायकेल परतला, लूमिस परतला, गाव परतले. लॉरी अपघातात वारली असे सांगून तिची लहानगी मुलगी जेमी पुढे आणली. बराचसा चित्रपट जुन्याच रुळावरून जातो, आणि खरे सांगायचे तर कुठे कुठे डुलकीही येते. ही जेमी हॅलोवीनसाठी सोंग निवडते ते विदूषकाचे, लहानग्या मायकेलच्या सोंगासारखेच. आपण म्हणतो, ठीक आहे, जुन्याची आठवण. शेवटी मायकेल गोळ्या खाऊन जुन्या खाणीच्या विवरात पडतो, सगळे घरी येतात, जेमीची पालक-आई तिच्यासाठी न्हाणीघरात पाणी काढते. आणि एकाएकी पडदा पुन्हा मुखवट्याच्या दोन भोकांतून पाहू लागतो! पावले न्हाणीघराकडे वळतात. किंकाळी. लूमिस जिन्याखाली धावतो, वर पाहतो. वरच्या पायरीवर ती पोर उभी, अंगात विदूषकाचे सोंग, हातात रक्ताने माखलेली कात्री. म्हातारा डॉक्टर ओरडतच सुटतो.

ही जागा पहिल्या चित्रपटाची हुबेहूब आहे, आणि तरीही, किंवा म्हणूनच, ती घाव घालते. १९६३ च्या रात्री त्या सोंगामागे कोण होते हे आपल्याला ठाऊक नव्हते. इथे पुरते ठाऊक आहे. ज्या मुलीला वाचवण्यासाठी आपण दीड तास जीव मुठीत धरला, तीच आता त्याच्या जागी उभी आहे. जागा न बदलता तिथला माणूस बदलला. पुढच्या भागाला जमण्यासारखी ही सर्वांत मोठी गोष्ट, कारण पहिला भाग ती करूच शकत नाही. तिला आधी एक आठवण शिल्लक असावी लागते.

दुर्दैव असे, की पुढच्याच वर्षी आलेल्या पाचव्या भागाने हे सारे पुसून टाकले. पालक-आई वाचली म्हणे! जेमी पुन्हा बिचारी, पळणारी, रडणारी. ज्या वळणावर गाडी येऊन ठेपली होती तिथून ती मागे ढकलून जुन्या फलाटाला लावली, आणि गल्लाही पुष्कळ घटला. या मालिकेची ही खोडच आहे. १९९८ च्या भागात लॉरीला जिवंत ठरवले. तिथे ती सुटकेचे फाटक समोर उघडे असताना मुलांना बाहेर काढते, स्वतः मात्र आत राहून फाटक लावते, कुऱ्हाड घेते आणि ज्याच्यापासून वीस वर्षे पळत होती त्याला नावाने हाका मारीत शोधू लागते. उत्तम जागा! शेवटी ती त्याचे शिर उडवते. २००२ चा भाग येऊन सांगतो, की ते शिर दुसऱ्याच कुणाचे होते! त्या भागाचा दिग्दर्शक कोण? तोच रिक रोझेन्थाल.

२०१८ साली डेव्हिड गॉर्डन ग्रीन या दिग्दर्शकाने निराळी वाट काढली. मधले सगळे भाग झालेच नाहीत असे धरायचे आणि पहिल्यानंतर एकदम चाळीस वर्षांनी गोष्ट उघडायची. बहीणभावाचे नातेही रद्द. लॉरी आता आजी झाली आहे. रानात घराला कुलपे-कड्या लावून बंदुका जमवीत बसलेली, मुलीशी बिनसलेली, गावाच्या लेखी अर्धी वेडी. वाचकांना त्या तीन जागा आठवत असतील. आता त्यांचे काय केले पाहा.

वर्ग. बाई पुन्हा दैवावर बोलत आहेत. बाईंचा आवाजसुद्धा पहिल्या चित्रपटात लॉरीच्या एका मैत्रिणीचे काम केलेल्या नटीचा. लॉरीची नात अॅलिसन खिडकीबाहेर पाहते. रस्त्यापलीकडे टक लावून उभी आहे तिची आजी! क्षणभर आपण हसतो, आणि लगेच हसू विरते. ज्या माणसाने तिला असे पाहिले होते, चाळीस वर्षे त्याचाच विचार करता करता ती त्याच्यासारखी उभी राहायला शिकली आहे. पानभर संवादांनी जे सांगता आले नसते ते एका खिडकीने सांगितले.

कपाट. तशीच फटींची दारे, पण आत लॉरी नाही. ती बाहेर आहे, बंदूक घेऊन एकेक खोली तपासत चाललेली, आणि तो आत आहे की काय अशी आपल्याला धास्ती. सज्जा. या वेळी वरून खाली पडते ती लॉरी. मायकेल कठड्यावरून वाकून पाहतो, ती खाली निपचित पडलेली. क्षणभर त्याची नजर हलते, तो पुन्हा पाहतो, तर खाली कुणी नाही! थिएटरातले लोक इथे टाळ्या वाजवीत. १९७८ साली याच रिकाम्या जागेने प्रेक्षकांचे रक्त गोठवले होते.

सुमारे एक कोटी डॉलर खर्चाच्या त्या चित्रपटाने जगभरात पंचवीस कोटींहून अधिक मिळवले. साहजिकच पुढचा भाग आलाच. 'हॅलोवीन किल्स', २०२१. आणि त्याने काय केले असेल? कथा त्याच रात्री, तिथूनच पुढे. जखमी लॉरी हॅडनफील्डच्या इस्पितळात. ती जवळजवळ सबंध चित्रपटभर बिछान्यावर किंवा इस्पितळाच्या बोळांत, आणि बाहेर मायकेल ओळखपाळख नसलेल्या माणसांचा फडशा पाडीत सुटलेला. एकेक मरण मागच्याहून विचित्र. चाळीस वर्षांपूर्वीच्या दुसऱ्या भागाचे दुखणे या दुसऱ्या भागाने लक्षणांसकट उचलले! पहिल्यावर माया असलेल्या माणसांनी मुद्दाम केलेला हा सलाम आहे, असे त्याचे समर्थन करता येईल. पण सलाम कुणाला करावा याचाही काही विवेक हवा की नाही?

२०२२ च्या शेवटच्या भागावर पुष्कळ चाहते रागावले, कारण त्याचा मोठा भाग एका निराळ्याच तरुणाच्या गोष्टीत जातो. त्यांचा राग मला समजतो. मलाही तो मधला भाग लांबलेला वाटला. तरी अखेरची वीस मिनिटे पाहावीत. लॉरी आणि मायकेल तिच्या स्वयंपाकघरात समोरासमोर येतात, आणि या वेळी सुरा तिच्या हाती येतो. तो मेल्यावर लूमिससारखे कुणी वाकून पाहत बसत नाही. सारे गाव जमते, प्रेत मोटारीच्या टपावर बांधते, रात्री मिरवणुकीने भंगाराच्या आवारात नेते आणि लोखंड चिरडणाऱ्या यंत्रात सर्वांच्या डोळ्यांदेखत टाकते. मग पडद्यावर लॉरीच्या घराच्या रिकाम्या खोल्या एकामागून एक दिसतात, पहिल्या चित्रपटाच्या शेवटी दिसल्या होत्या तशाच. त्यांतल्या एका टेबलावर तो पांढरा मुखवटा पडलेला असतो.